नऊ सामने झाले, सहा उरले आणि साखळी अडली

आमच्या शाळेत डिसेंबरात वर्गावर्गांच्या कबड्डीचे सामने असतात. आठवी, नववी, दहावी, प्रत्येकी अ आणि ब तुकडी, म्हणजे सहा संघ. पूर्वी बाद पद्धतीने सामने व्हायचे आणि तीन संघ पहिल्याच दिवशी घरी जायचे. बारा पोरांनी महिनाभर सराव करायचा आणि वीस मिनिटांत खेळ खल्लास. म्हणून त्या वर्षी मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं, की साखळी पद्धतीने घ्या, प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळू दे.

मी गणित शिकवतो. मैदानाशी माझा संबंध गुणलेखक म्हणून टेबलावर बसण्यापुरता. तक्ता आमच्या पीटीच्या सरांनी केला आणि मला दाखवला. मी त्यावर नजर टाकली, मनात बेरीज केली आणि बरोबर आहे म्हणालो. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा वाटा निम्मा आहे.

बेरीज खरोखरच बरोबर होती. सहा संघांपैकी प्रत्येकाला पाच सामने, सहा पंचे तीस, पण प्रत्येक सामना दोन्ही संघांच्या खात्यात मोजला गेला म्हणून त्याचे निम्मे, १५. मैदान एकच. वेळ शेवटच्या दोन तासिका, ३.५० ते ५, म्हणजे ७० मिनिटं. ८ मिनिटांचा डाव, ३ मिनिटं विश्रांती, पुन्हा ८ मिनिटं, वर संघ बदलायला ४. एका सामन्याला २३ मिनिटं, तीन सामन्यांना ६९. रोज तीन सामने, सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, एकूण १५. एकाच मिनिटाची सवड, पण बसतंय. शनिवारी सकाळच्या शाळेत बक्षीस समारंभ, पाहुण्यांना बोलावणं गेलेलं.

सरांचा तक्ता दिसायलाही सुबक होता. सोमवारी भावाभावांचे सामने: ८अ–८ब, ९अ–९ब, १०अ–१०ब. मंगळवारी ब तुकड्या एक घर सरकवल्या: ८अ–९ब, ९अ–१०ब, १०अ–८ब. बुधवारी आणखी एक घर: ८अ–१०ब, ९अ–८ब, १०अ–९ब. तीन दिवसांत प्रत्येक अ तुकडी प्रत्येक ब तुकडीशी खेळली. गुरुवार-शुक्रवारच्या रकान्यात त्यांनी नुसतं लिहिलं होतं, ‘उरलेले सहा सामने’. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सहा सामने, दोन दिवस, रोज तीन. यात काय अडणार?

बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता सरांचा फोन आला. “सर, उद्याचे तीन सामने लागत नाहीत हो. दोनच लागतात. मी मगासपासून पाच कागद फाडले.”

मीही कागद घेऊन बसलो. उरलेले सामने होते अ तुकड्यांचे आपसातले तीन आणि ब तुकड्यांचे आपसातले तीन. अ कडचा एक सामना लावला, समजा ८अ–९अ, की १०अ एकटी उरते. तिचे राहिलेले दोन्ही सामने ८अ आणि ९अ यांच्याशीच, आणि त्या दोघी तर मैदानात. ब कडेही तेच. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त दोन सामने, आणि सहा सामन्यांना तीन दिवस. शनिवारी तर पाहुणे.

हे कुणाच्या कागदाचं अपयश नव्हतं, ते होणारच नव्हतं. एक चौकट आखली की हे लख्ख दिसतं. डावीकडे आणि वर सहाही संघांची नावं लिहायची आणि जिथे दोन संघांची घरं मिळतात तिथे त्यांचा सामना कितव्या दिवशी आहे तो आकडा टाकायचा. एका संघाच्या ओळीत पाच घरं आणि दिवसही पाच. रोज एकच सामना खेळायचा तर त्या ओळीत १ ते ५ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. आता सरांच्या तक्त्यात ८अ च्या ओळीत ८ब, ९ब, १०ब या घरांत १, २, ३ संपले. ९अ आणि १०अ यांच्या घरांसाठी ४ आणि ५ उरले. समजा ८अ–९अ ला ४ दिला आणि ८अ–१०अ ला ५. मग ९अ–१०अ या घरात काय लिहायचं? ९अ च्या ओळीत ४ वापरून झालाय, १०अ च्या ओळीत ५. दोन आकडे आणि एकमेकांशी खेळायचे तीन संघ, हे कधीच जमत नाही. चार वेळा खोडा, दहा वेळा खोडा.

सामन्यांची एकूण संख्या दिवसांत बसते म्हणजे सामने बसतात, हा आमचा दोघांचा समज होता. बेरीज जमणं ही फक्त पहिली पायरी.

मला नंतर जे कळलं ते जास्त टोचलं. मंगळवारी रात्री, दोन दिवसांचे सहा सामने झाल्यावर, बुधवारचे तीन सामने लावण्याचे बरोबर चार मार्ग होते. त्यातल्या तीन मार्गांनी गेलो असतो तर गुरुवार आणि शुक्रवार सुखाने पार पडले असते. चौथ्या एकाच मार्गाने गाडी रुतत होती आणि तोच आम्ही घेतला, कारण तोच सर्वांत नीटनेटका दिसत होता. बुधवारी ८अ–१०ब हा सामना तसाच ठेवून बाकीचे दोन ९अ–१०अ आणि ८ब–९ब असे लावले असते, तर गुरुवारी ८अ–९अ, ८ब–१०ब, १०अ–९ब आणि शुक्रवारी ८अ–१०अ, ९ब–१०ब, ९अ–८ब. पंधराही पूर्ण. ज्याला पडताळायचं असेल त्याने वरची चौकट भरून बघावी, पाच मिनिटांचं काम आहे.

चार संघ असले तर असला खड्डा लागतच नाही. पहिल्या दिवशी कुठल्याही दोन जोड्या लावा, उरलेल्या चार सामन्यांचे दोन दिवस आपोआप पडतात. म्हणून ज्यांनी आयुष्यभर चार संघांची साखळी लावली त्यांना वाटतं, तक्ता काय, रोजच्या रोज करता येतो. सहाला पहिल्यांदा ठेच लागते.

बुधवारी रात्री आमच्यासमोर तीन पर्याय होते. शनिवारचा समारंभ पुढे ढकलायचा, हे बाईंना विचारायची हिंमत दोघांतही नव्हती. दोन सामने रद्द करायचे, मग साखळी कसली? तिसरा पर्याय म्हणजे एखाद्या संघाला एका दिवसात दोनदा खेळवायचं. हिशेब केला तेव्हा दिसलं, की रोज फक्त एकाच संघावर ही पाळी आणून भागतं. गुरुवारी अ कडचे दोन आणि ब कडचा एक, शुक्रवारी उलट. अ कडच्या तीनपैकी दोन सामने घेतले की त्यात एक संघ दोनदा येतोच. तो कोणता, एवढंच ठरवायचं.

सर म्हणाले, दहावीवाले. अंगाने दणकट, दम टिकेल. गुरुवारी १०अ पहिला सामना ८अ शी खेळली, मध्ये ८ब–९ब झाला, मग तिसरा सामना १०अ–९अ. १०ब ला सुट्टी. शुक्रवारी तसंच, १०ब–८ब, मध्ये ८अ–९अ, शेवटी १०ब–९ब, आणि १०अ ला सुट्टी. दोन सामन्यांत एकाची, म्हणजे साधारण २३ मिनिटांची विश्रांती मिळाली.

यात एक अन्याय होता तो आम्हाला फोनवर सुचला नाही, मैदानावर दिसला. दोनदा खेळणाऱ्याला त्रास होतोच, पण खरा फरक तिसऱ्या सामन्यातल्या समोरच्या संघाला पडतो. ८अ ला ताजीतवानी १०अ मिळाली आणि ९अ ला दमलेली. ९ब ने शुक्रवारी १०ब ला तीन गुणांनी हरवलं. १०ब चा कप्तान टेबलापाशी आला आणि मला म्हणाला, “सर, आमचे दोन चढाईवाले पहिल्याच सामन्यात दमले होते.” त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी गुणपत्रकावर सही घेतली.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच मी आणि सर बसलो. क्रीडाशिक्षकांच्या अभ्यासक्रमात जिना पद्धत आणि चक्रीय पद्धत अशा दोन्ही असतात. जिना पद्धतीत १–२, खाली १–३ आणि २–३, त्याखाली १–४, २–४, ३–४ अशा पायऱ्या लिहित जायच्या. त्यात एकही जोडी सुटत नाही, पण कोणता सामना कोणत्या दिवशी, हे ती सांगत नाही. आम्हाला दिवस हवे होते, म्हणून चक्रीय.

कृती सोपी आहे. संघांना १ ते ६ क्रमांक द्यायचे. वरच्या ओळीत १, २, ३ आणि खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ४, ५, ६, म्हणजे १ च्या खाली ६, २ च्या खाली ५, ३ च्या खाली ४. वरखाली असलेले एकमेकांशी खेळतात. दुसऱ्या दिवसासाठी १ ला जागचा हलवायचा नाही, बाकीचे पाच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक घर सरकवायचे. असं चार वेळा.

सर म्हणाले, “हे मला परीक्षेपुरतं येत होतं. पण हे अडत का नाही, ते कधी कुणी सांगितलं नाही.” प्रश्न रास्त होता, कारण आमचा आदल्या वर्षीचा तक्तासुद्धा घर सरकवूनच केला होता.

मी फळ्यावर पंचकोन काढला. पाच कोपऱ्यांवर क्रमाने २, ३, ४, ५, ६ आणि मधोमध १. पहिल्या दिवशी मधल्या १ पासून ६ च्या कोपऱ्याकडे रेघ ओढायची. त्या रेघेला काटकोनात दोन आडव्या रेघा बसतात, एक ५–२ आणि दुसरी ४–३. झाले तीन सामने. आता हीच आकृती पंचकोनाच्या एका कोपऱ्याइतकी फिरवा. मधली रेघ दुसऱ्या कोपऱ्याकडे जाते, म्हणजे १ चा प्रतिस्पर्धी बदलला. आडव्या दोन्ही रेघांची दिशाही बदलते. पंचकोनाच्या बाजू पाच आणि कर्ण पाच, मिळून दहा रेघा. त्या पाच दिशांमध्ये विभागलेल्या आहेत, प्रत्येक दिशेला एक बाजू आणि तिला समांतर एक कर्ण. एक दिवस म्हणजे एक दिशा. दिशा पुन्हा येत नाही, म्हणून सामना पुन्हा येत नाही, आणि पाच दिशा संपल्या की सगळे सामने संपलेले असतात. आमच्या जुन्या तक्त्यात तीन अ एका बाजूला अचल उभे होते आणि तीन ब त्यांच्यासमोर सरकत होते. बाजू कधी मिसळल्याच नाहीत. इथे एक सोडून सगळेच फिरतात.

(बुद्धिबळात अशा तयार तक्त्यांना ऑस्ट्रियाचे खेळाडू योहान बर्जर यांच्या नावाने बर्जर तक्ते म्हणतात. तिथे क्रमांकांची चिठ्ठी काढायची आणि छापील तक्त्यातून पाहायचं. आपल्याकडे अजून प्रत्येक शाळा दरवर्षी नव्याने कागद फाडते.)

दिवस ठरले, पण काम संपलं नव्हतं. सरकवत जाऊन जसा तक्ता येतो तसाच वरून खाली खेळवला, तर १ क्रमांकाचा संघ पाचही दिवस पहिला सामना खेळतो, कारण तो जागचा हलतच नाही. पहिला सामना म्हणजे ३.५० चं ऊन, नुकतीच आखलेली फक्की, आणि गणिताच्या तासावरून थेट मैदानावर. शेवटचा सामना म्हणजे पाच वाजता एसटी पकडायची घाई, निम्मे प्रेक्षक गेलेले. प्रत्येक संघाचे सामने पाच आणि वेळा तीन, म्हणजे सर्वांत रास्त वाटणी दोन-दोन-एक. प्रत्येक दिवसाच्या तीन सामन्यांचा क्रम अदलून बदलून बघत बसलो. पहिले तीन प्रयत्न शेवटच्या एका घरात अडले, चौथा जमला. एकाच दिवसाचे सामने आपसात मागेपुढे केले तरी जोड्यांना धक्का लागत नाही, ही यातली सोय. हा तो तक्ता:

| दिवस | पहिला | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|
| सोमवार | १–६ | २–५ | ३–४ |
| मंगळवार | २–३ | १–५ | ४–६ |
| बुधवार | २–६ | १–४ | ३–५ |
| गुरुवार | १–३ | २–४ | ५–६ |
| शुक्रवार | ४–५ | ३–६ | १–२ |

कुठलाही संघ घ्या, एका वेळेला तो दोनपेक्षा जास्त वेळा येत नाही. उदाहरणार्थ ४ क्रमांक: पहिला सामना शुक्रवारी एकदा, दुसरा बुधवार-गुरुवार दोनदा, तिसरा सोमवार-मंगळवार दोनदा. मैदानाची कोणती बाजू कुणाला, हे मात्र तक्त्यात आणायची गरज नाही. नाणेफेक जिंकणारा अंगण किंवा चढाई निवडतो आणि मध्यंतरानंतर अंगणं बदलतातच.

मग क्रमांक कुणाला कोणता. सर नुसत्या सहा चिठ्ठ्या टाकणार होते. मी त्यांना थांबवलं. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या शेवटच्या दिवशी एकमेकींसमोर आल्या तर काय होईल? ९अ ला करंडकासाठी दोन गुण हवेत आणि ९ब चं काहीच उरलेलं नाही. नववीची इज्जत म्हणून ९ब ढिली खेळेल असं मी म्हणत नाही, पण तसं म्हणणारे शंभर जण मैदानाभोवती उभे असतील. त्यांचे सामने पहिल्याच दिवशी उरकलेले बरे, तेव्हा कुणाचाच हिशेब तयार नसतो. सोमवारच्या जोड्या १–६, २–५, ३–४ आहेत. म्हणून एका इयत्तेला यातली एक जोडी. तीन इयत्तांच्या तीन चिठ्ठ्या टाकायच्या आणि जोडीतला कोणता क्रमांक अ चा, कोणता ब चा, हे नाण्यावर. चिठ्ठी काढायला सहाही कप्तानांना बोलावलं. सरांना हे थोडं नाटकी वाटलं, पण तक्त्यावर सहा सह्या घेतल्या.

सातवीचे वर्गशिक्षक त्याच आठवड्यात येऊन गेले. त्यांची एकच तुकडी, तिलाही घ्या म्हणाले. सात संघ झाले की सामने २१ होतात. संघ विषम असल्यामुळे रोज एकाला विश्रांती, तरी दिवसाला तीनच सामने आणि दिवस सात. चक्र तेच, फक्त आठवं घर रिकामं ठेवायचं आणि ज्याच्यासमोर रिकामं घर येईल त्याची त्या दिवशी सुट्टी. गंमत म्हणजे आठवा संघ आणला असता तरी दिवस सातच लागले असते, पण मग रोज चार सामने आणि २३ चोक ९२ मिनिटं. आमच्याकडे दिवसही पाच आणि मिनिटंही ७०. सातवीला नाही म्हणावं लागलं. त्यांची पोरं फक्की टाकायला आणि राखीव घड्याळ धरायला आली.

त्या वर्षी पाचही दिवस तीनतीन सामने झाले आणि एकाही संघाला दिवसात दोनदा उतरावं लागलं नाही. बुधवारी पाण्याचा टँकर मैदानातून गेला आणि काही मिनिटं गेली, तेव्हा कळलं की एका मिनिटाची सवड ही सवडच नव्हे. तिसरा सामना ६–६ मिनिटांचा करावा लागला आणि ५ क्रमांकाचा संघ अजून त्यावरून बोलतो. एक दोष मात्र तक्त्याने जाण्यासारखा नव्हता. मैदान एकच, त्यामुळे शुक्रवारी शेवटी उतरणाऱ्या १ आणि २ या संघांना आधीचे सगळे निकाल माहीत होते. किती गुणांनी जिंकलं म्हणजे पुरे, हे त्यांच्या कप्तानांनी मला टेबलापाशी येऊन विचारलंच. मी सांगितलं नाही, पण फळा त्यांच्या समोरच होता.